बाकदार मागणी वक्र: सीमांत प्राप्तीतली पोकळी आणि जागची न हलणारी किंमत

टिपकागद

अल्पाधिकार, म्हणजे मोजक्या विक्रेत्यांचा बाजार, शिकतोय आणि एका आकृतीवर गाडी अडली आहे. मागणी वक्राला मध्येच बाक येतो, त्याच्या खाली सीमांत प्राप्तीची, म्हणजे पुढच्या एका नगानं मिळणाऱ्या जादा उत्पन्नाची, रेषा तुटते आणि एक उभी पोकळी तयार होते. सीमांत खर्चाची रेषा या पोकळीतून जाते, म्हणून किंमत ताठर राहते, असं लिहिलंय.

माझा प्रश्न असा आहे. महत्तम नफ्यासाठी सीमांत प्राप्ती आणि सीमांत खर्च समान हवेत हे आपण आधीच्या प्रत्येक प्रकरणात घोकलं. इथे तर खर्चाची रेषा जिथून जाते तिथे प्राप्तीची रेषाच नाही. मग समान काय झालं? आणि समान काहीच झालं नसेल तर नफा महत्तम आहे हे कशावरून? शिवाय कागदावरच्या रेषेत फट पडली म्हणून खऱ्या बाजारातली किंमत का थांबावी, हेही कळत नाही. पाठ करून गुण मिळतील, पण समजून घ्यायचं आहे.

रानवारा

पोकळी म्हणजे तिथे सीमांत प्राप्ती शून्य. पुढचा नग विकून काहीच मिळत नाही, म्हणून कंपनी तिथे थांबते. आणि खरं सांगू का, चार कंपन्यांची किंमत वर्षानुवर्षं सारखी राहते त्यामागे आतून ठरलेलं असतं. आकृती नंतर काढली जाते.

पाऊलखुणा

मला वाटतं साधं कारण ग्राहक आहे. लोकांना एका किमतीची सवय होते. ती वाढली की लोक चिडतात आणि कमी केली तर माल हलका झाला असेल असा संशय घेतात. म्हणून कंपन्या किमतीला हात लावत नाहीत. इथे सीमांत प्राप्ती वगैरे आणायची गरज आहे का?

हिशेबी

टिपकागद, प्रश्न नेमका विचारलात. आकृती बाजूला ठेवा, आकड्यांनी बघू.

समजा तुमची कंपनी ६० या किमतीला ४० नग विकते आहे. बाजारात आणखी तीन-चार विक्रेते आहेत, त्यांचीही किंमत ६०. आता तुम्हाला त्यांच्याबद्दल काय वाटतं, यावर सगळा खेळ आहे. तुमची धारणा अशी आहे की मी किंमत वाढवली तर ते जागचे हलणार नाहीत, कारण माझं गिऱ्हाईक त्यांच्याकडे आयतं जाईल. आणि मी कमी केली तर ते लगेच कमी करतील, कारण नाही केली तर त्यांचं गिऱ्हाईक माझ्याकडे येईल. म्हणून किंमत १ ने वाढवली की २ नग हातचे जातात, पण १ ने कमी केली तर १च नग वाढतो. बाक म्हणतात तो एवढाच. ६० च्या वर मागणी जास्त लवचीक, खाली कमी.

आता एक-एक नगाचा हिशेब करू. सध्याचं उत्पन्न ६० गुणिले ४०, म्हणजे २४००. चाळिसावा नग सोडून द्यायचा असेल तर किंमत अर्ध्याने वाढवायची, कारण वरच्या बाजूला १ मागे २ नग जातात. ६०.५ ला ३९ नग, उत्पन्न २३५९.५. म्हणजे चाळिसावा नग ४०.५ मिळवून देत होता. आता एक्केचाळिसावा नग विकायचा तर किंमत ५९ करावी लागते. ४१ गुणिले ५९ म्हणजे २४१९. हा नग १९च देतो.

चाळिसावा ४०.५ देतो आणि त्याच्या लगेच पुढचा १९. नगाचे आणखी बारीक तुकडे करत गेलात तर हे आकडे ४० आणि २० वर येऊन टेकतात. यांच्या मधलं अंतर म्हणजे तुमच्या आकृतीतली उभी पोकळी. साधी सरळ मागणी असती तर चाळिसावा आणि एक्केचाळिसावा यांच्यात किरकोळ फरक असता. इथे रस्ताच बदलतो, म्हणून एकदम घसरण होते.

रानवारा, सीमांत प्राप्ती शून्य आहे असं नाही. या उदाहरणात पोकळीच्या तळाशीही ती २० आहे. खालची मागणी फारच अलवचीक असेल तर तळ शून्याखालीसुद्धा जाऊ शकतो, पण ती पोकळीची व्याख्या नव्हे.

टिपकागद

हे कळलं, एकदम लख्ख. पण समानतेचं काय? समजा एक नग बनवायचा खर्च ३० आहे. ४० पण नाही, २० पण नाही.

हिशेबी

समानता हा नियमाचा नेहमीचा चेहरा आहे, नियम नव्हे. नियम असा की खर्चापेक्षा जास्त मिळवून देणारा प्रत्येक नग विकायचा आणि जो तेवढं देत नाही तिथे थांबायचं. प्राप्तीची रेषा अखंड उतरत असेल तर हा थांबा दोन्ही समान होतात तिथेच येतो, म्हणून आपण समानता घोकतो. इथे चाळिसावा नग ३० पेक्षा जास्त देतो, पुढचा ३० पेक्षा कमी देतो. थांबायची जागा ४०. नियम पुरा झाला.

आता ताठरता. खर्च नगामागे २५ धरा. ६० ला नफा ३५ गुणिले ४०, म्हणजे १४००. किंमत ६२ केली तर नग ३६ होतात, नफा १३३२. ५८ केली तर नग ४२, नफा १३८६. दोन्हीकडे तोटाच.

खर्च वाढून ३५ झाला. ६० ला नफा १०००. ६२ ला २७ गुणिले ३६, म्हणजे ९७२. ५८ ला २३ गुणिले ४२, म्हणजे ९६६. खर्च १० ने वाढला, नफा चारशेनं खाली आला, तरी सगळ्यात बरी किंमत ६० च.

खर्च ४५ झाला की मात्र गणित पलटतं. ६० ला नफा ६००, ६२ ला १७ गुणिले ३६ म्हणजे ६१२. आता किंमत वाढवणं परवडतं. खर्च १५ वर आला तर ६० ला १८०० आणि ५८ ला ४३ गुणिले ४२, म्हणजे १८०६. आता थोडी कमी करणं परवडतं. म्हणजे खर्च २० ते ४० च्या दरम्यान कुठेही फिरो, किंमत ६० ला आणि उत्पादन ४० ला चिकटून. तुमच्या शेवटच्या शंकेचं उत्तर हेच. रेषेतल्या फटीनं किंमत थांबत नाही. वर गेलं तर फार नग जातात आणि खाली आलं तर फार थोडे मिळतात, म्हणून ती थांबते. फट ही त्या दुहेरी अडचणीची खूण आहे.

पाऊलखुणा

पण मी ग्राहकाबद्दल म्हटलं ते पूर्ण चुकीचं आहे का?

हिशेबी

चुकीचं नाही, पण टिपकागदांचा प्रश्न प्रतिस्पर्ध्यांबद्दलचा आहे. तुमचं कारण एकट्या मक्तेदारालाही लागू पडेल, त्याला समोर कोणी असायची गरज नाही. बाकदार वक्राची गंमत अशी की ग्राहक पूर्ण समंजस असला, त्याला सवय, राग, संशय काही नसला, तरी किंमत अडकते. अडकवतो तो समोरचा विक्रेता, खरं तर त्याच्याबद्दलची माझी अटकळ.

चंद्रकोर

मी या धंद्यात आहे म्हणून लिहिते. आम्ही यंत्रांचे प्लास्टिकचे सुटे भाग बनवतो. आमच्या प्रकारचा भाग बनवणारे मोजके आहेत आणि सगळे एकमेकांना ओळखून आहेत. कच्चा माल महागला तेव्हा आम्ही दर वाढवले आणि बाकीच्यांनीही थोड्याच दिवसांत वाढवले. कोणी कोणाला फोन केला नव्हता. तुमच्या हिशेबाप्रमाणे आमची गिऱ्हाइकं तुटायला हवी होती. तुटली नाहीत. मग हा सिद्धांत कुठे लागू होतो?

हिशेबी

चंद्रकोर, तुमच्या अनुभवानं नेमकी सांधेजोड दाखवली. वरच्या हिशेबात मी गुपचूप एक गोष्ट गृहीत धरली होती, की खर्च फक्त माझाच बदलला. माझं यंत्र जुनं झालं, माझ्या कामगारांशी नवा करार झाला, माझी वाहतूक महागली. समोरच्याचा खर्च तसाच, त्यामुळे त्याला माझ्यामागे यायचं कारण नाही. तिथे पोकळी पुरेपूर काम करते.

कच्चा माल सगळ्यांचाच महागला की धारणाच बदलते. तुम्हाला माहीत असतं की समोरचाही त्याच चिमट्यात आहे आणि कोणीतरी आधी पाऊल टाकायची वाट बघतोय. म्हणजे ६० च्या वर मागणी आता तेवढी लवचीक राहिली नाही. सगळे बरोबर येणार असतील तर १ ने वाढवल्यावर २ नग जाणार नाहीत, १च जाईल. खर्च ३५ असताना ६० ला नफा १०००. सगळ्यांनी ६५ केली तर माझे नग ३५ आणि नफा ३० गुणिले ३५, म्हणजे १०५०. वाढवणं परवडलं. बाक ६० वरून उठला आणि नव्या किमतीवर जाऊन बसला.

म्हणून माझं ठाम मत असं आहे की ‘खर्च पोकळीत राहिला की किंमत ताठर’ हे वाक्य अर्धवट शिकवलं जातं. कोणाचा खर्च, हे विचारल्याशिवाय त्याला अर्थ नाही. एकट्याचा असेल तर ते टिकतं. सगळ्यांचा असेल आणि सगळ्यांना ते दिसत असेल, तर बहुधा टिकत नाही. सगळ्यांवर बसलेल्या करालाही हेच लागू.

गवाक्ष

हिशेबींचा हिशेब चोख आहे, पण इतिहासाची बाजू आल्याशिवाय चर्चा अपुरी राहील. ही कल्पना १९३९ साली दोन ठिकाणी स्वतंत्रपणे मांडली गेली. अमेरिकेत पॉल स्वीझी यांनी आणि इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या हॉल आणि हिच यांनी. हॉल आणि हिच यांनी ३८ उद्योजकांना विचारलं होतं की तुम्ही किंमत कशी ठरवता. बहुतेकांचं उत्तर असं की सरासरी खर्च काढायचा, त्यावर ठरलेला नफा चढवायचा. सीमांत प्राप्तीचा विचार फारसं कोणी करत नव्हतं. मग ती किंमत मागणी-खर्चाबरोबर हलत का नाही, हे सांगायला त्यांना बाक लागला.

१९४७ मध्ये जॉर्ज स्टिगलर यांनी याची कसून तपासणी केली. त्यांचा प्रश्न साधा होता. बाक असेल तर एकानं किंमत वाढवल्यावर बाकीचे थांबलेले दिसायला हवेत आणि एकानं कमी केल्यावर बाकीचे धावलेले. सिगारेट, मोटारी, पोलाद, पेट्रोल अशा सात उद्योगांच्या किमतींचा इतिहास त्यांनी चाळला. असा एकतर्फी प्रतिसाद त्यांना मिळाला नाही. वाढीच्या मागेही बाकीचे विक्रेते जातात असंच अनेकदा दिसलं. शिवाय त्यांनी विचारलं की बाकामुळे किंमत ताठर राहत असेल तर एकट्या मक्तेदाराची किंमत जास्त हलायला हवी, त्याला तर बाकच नाही. प्रत्यक्षात मक्तेदारांच्या किमती अल्पाधिकारापेक्षा जास्त लवचीक दिसल्या नाहीत.

सिगारेटचं उदाहरण बघा. २३ जून १९३१ ला अमेरिकेत रेनॉल्ड्स कंपनीनं कॅमल सिगारेटची यादीतली किंमत हजारामागे ६.४० डॉलरवरून ६.८५ केली. महामंदीचे दिवस, तंबाखूचा भाव पडलेला, खर्च वाढल्याचं काही निमित्त नाही. बाकाच्या सिद्धांताप्रमाणे बाकीच्या दोघांनी शांत बसून कॅमलची गिऱ्हाइकं उचलायला हवी होती. झालं उलटं. त्याच दिवशी लकी स्ट्राइक आणि चेस्टरफील्ड दोघांची किंमत तितकीच झाली. इथे बाक कुठे आहे?

रानवारा

मी हेच म्हणत होतो! एकाच दिवशी तीन कंपन्या सारखी किंमत करतात, याला संगनमत म्हणतात. तुम्ही आकृत्या काढत बसा.

गवाक्ष

रानवारा, इथे तुमचा मुद्दा बऱ्याच अंशी खरा आहे. या कंपन्यांवर संगनमताचा खटला झाला, तो अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १९४६ मध्ये कंपन्यांवरचा दोष कायम राहिला. लेखी करार सापडला नव्हता, वागण्यावरून निष्कर्ष काढला गेला. पण मग तुमचं पहिलं वाक्य बघा. तुम्ही म्हणालात की किंमत सारखी *राहते* ती आतून ठरलेलं असतं म्हणून. सिगारेटमध्ये संगनमतानं किंमत थांबवली नाही, *हलवली*. खऱ्या संगनमतात बाक नसतो, कारण मी वाढवल्यावर तुम्ही येणार हे मला ठाऊक असतं. बाकदार वक्र हे एकमेकांवर विश्वास नसलेल्या विक्रेत्यांचं चित्र आहे. दोन्हीकडे किंमत स्थिर दिसू शकते, पण कारणं उलटी.

रानवारा

दिसतं सारखंच ना? मग बाहेरच्या माणसानं ओळखायचं कसं?

हिशेबी

किंमत स्थिर असताना बघून ओळखता येत नाही. ती हलते तेव्हा बघायचं. पहिलं पाऊल कोणी टाकलं, कुठल्या दिशेनं, बाकीचे आले का आणि किती दिवसांनी. एकट्यानं वाढवली, बाकीचे थांबले, आणि त्याला काही दिवसांनी मुकाट्यानं मागे यावं लागलं, तर तो बाकाचा ठसा. एकानं वाढवली आणि बाकीचे चटकन आले, तर एकतर सगळ्यांचं कारण एक आहे, नाहीतर कोणी पुढारी आहे, नाहीतर रानवारा म्हणतात ते. खर्चाची नोंद सोबत ठेवली की यातलं पहिलं कारण वेगळं काढता येतं. चंद्रकोर यांच्या बाबतीत कच्चा माल महागला होता. सिगारेटमध्ये तसं काही नव्हतं, म्हणूनच तिथे संशय घट्ट झाला.

सिगारेटच्या गोष्टीचा उरलेला भागही सांगायला हवा. किंमत वाढल्यावर गिऱ्हाइकं गेलीच, पण एकमेकांकडे नव्हे. दहा सेंटला पाकीट विकणाऱ्या छोट्या कंपन्यांकडे गेली. जून १९३१ मध्ये त्यांचा वाटा एक टक्काही नव्हता, नोव्हेंबर १९३२ पर्यंत तो २२ टक्क्यांवर गेला. मग १९३३ च्या सुरुवातीला मोठ्यांनी किंमत ६ डॉलर आणि लगेच ५.५० केली. म्हणजे वाढीच्या मागे न येणारे प्रतिस्पर्धी होते, फक्त ते त्या तिघांच्या टोळक्यात नव्हते. मला यात सिद्धांताचा पूर्ण पराभव दिसत नाही. प्रतिस्पर्धी कोणाला धरायचं, ही यादी अपुरी होती.

गवाक्ष

ही पळवाट मला मान्य नाही. वाढ होण्याआधी त्या तिघांच्या मनात काय धारणा होती ते बघायचं असतं. ती बाकाची नव्हती, नाहीतर कॅमलनं पाऊलच टाकलं नसतं. नंतर काय झालं त्यावरून आधीची धारणा वाचवता येत नाही.

हिशेबी

धारणेबद्दल तुमचं बरोबर आहे. तिघांमध्ये बाक नव्हता, हे मी नाकारत नाही. मी म्हणतोय की तिघे मिळून जी मागणी भोगत होते तिच्यात वरच्या बाजूला लवचिकता होती आणि ती त्यांनी कमी लेखली. यावर आपलं एकमत होणार नाही असं दिसतं, राहू दे.

टिपकागद

मला आणखी दोन गोष्टी विचारायच्या आहेत. एक, मागणीच वाढली तर? तेव्हाही किंमत तशीच राहते असं पुस्तकात एका ओळीत लिहिलंय. दोन, हा ६० आला कुठून?

हिशेबी

पहिल्याचं उत्तर एका अटीवर ‘हो’ आहे. समजा बाजार सव्वापट झाला, प्रत्येक किमतीला सव्वापट गिऱ्हाईक. ६० ला आता ५० नग जातात. वर १ ने गेलं तर २.५ नग जातात, खाली १ ने आलं तर १.२५ येतात. प्रमाण तेच, म्हणून लवचिकता तीच आणि पोकळी पुन्हा ४० ते २० च, फक्त ४० नगांवरून सरकून ५० नगांवर आली. खर्च ३० असेल तर तो अजून पोकळीतच आहे. उत्पादन वाढलं, किंमत हलली नाही. अट ही की वाढीव मागणीनं लवचिकता बदलू नये आणि जास्त नग बनवताना सीमांत खर्च पोकळीच्या बाहेर चढू नये. कारखाना पूर्ण क्षमतेनं चालू असेल तर दुसरी अट मोडते.

पोकळीची उंची कशी ठरते हेही यातून दिसतं. किंमत आणि दोन्ही बाजूंच्या लवचिकता एवढंच लागतं. आपल्या उदाहरणात ६० पाशी वरची लवचिकता ३ आणि खालची १.५ आहे. सूत्र हवं असेल तर, MR म्हणजे सीमांत प्राप्ती, P किंमत आणि e लवचिकता:

```
MR = P × (1 − 1/e)
वरून : 60 × (1 − 1/3)   = 40
खालून: 60 × (1 − 1/1.5) = 20
```

माल जितका एकसारखा तितकी वरची लवचिकता जास्त, कारण गिऱ्हाइकाला दुसरीकडे जायला काहीच अडत नाही. मग पोकळी उंच होते आणि किंमत जास्त घट्ट बसते. प्रत्येकाचा माल वेगळा, गिऱ्हाईक बांधलेलं, तर दोन्ही बाजूंतला फरक कमी आणि पोकळी बुटकी.

दुसऱ्या प्रश्नाला या सिद्धांतात उत्तर नाही. ६० का, ५५ का नाही, हे तो सांगत नाही. ६० आहे म्हणून ६० राहते, एवढंच. हॉल आणि हिच यांच्या उद्योजकांसारखं खर्च अधिक नफा धरून कधीतरी ६० ठरली असेल, किंवा कोणा पुढाऱ्यानं ठरवली असेल. ही उणीव खरी आहे आणि ती झाकून शिकवू नये. गवाक्ष यांच्या बाकीच्या आक्षेपांपेक्षा मला हाच जास्त बोचतो.

गवाक्ष

यावर नंतर काम झालं आहे. १९८८ मध्ये मॅस्किन आणि तिरोल यांनी दोन कंपन्या आळीपाळीनं किंमत बदलतात असा खेळ मांडला. त्यात समोरचा कसा वागेल ही धारणा वरून चिकटवलेली नाही, ती खेळातूनच निघते, आणि बाकासारखी स्थिती एक उत्तर म्हणून मिळते. पण त्याच खेळात दुसरंही उत्तर मिळतं, किमती एकमेकांना कापत उतरतात आणि मग एकदम उडी मारतात. म्हणजे ताठर किंमत शक्य आहे, अटळ नाही.

टिपकागद

धारणा उलटी असू शकते का? म्हणजे सगळे वाढीच्या मागे येतील पण घटीच्या मागे येणार नाहीत?

हिशेबी

असू शकते. महागाईचा काळ, ऑर्डरी तुंबलेल्या, सगळ्यांचे हात भरलेले. मी वाढवली तर सगळे आनंदानं येतील, मी कमी केली तर कोणी लक्ष देणार नाही कारण त्यांना आणखी गिऱ्हाईक नकोच आहे. मग बाक उलटा होतो. १ ने वाढवली तर १च नग जातो, १ ने कमी केली तर २ येतात. खर्च ३० धरा. ६० ला नफा १२००. ६२ ला ३२ गुणिले ३८, म्हणजे १२१६. ५८ ला २८ गुणिले ४४, म्हणजे १२३२. दोन्हीकडे जाणं फायद्याचं! ६० वर उभं राहणं हेच सगळ्यात वाईट. सरळ बाक किंमत धरून ठेवतो, उलटा बाक तिला तिथे टिकूच देत नाही. तेव्हा परीक्षेत ‘अल्पाधिकारात किंमत ताठर असते’ एवढंच लिहू नका, कुठल्या धारणेखाली ते लिहा.

चंद्रकोर

मला अजून एक सांगायचंय, कारण ते कोणीच विचारलं नाही. कच्चा माल महागला तेव्हा सगळ्यांनी दर वाढवले हे मी लिहिलं. पुढे कच्चा माल बराच स्वस्त झाला तेव्हा दर कोणीच कमी केले नाहीत. सगळ्यांचा खर्च कमी झाला होता आणि सगळ्यांना ते माहीत होतं. हिशेबी म्हणतात तसं असेल तर सगळ्यांनी मिळून खाली यायला हवं होतं.

हिशेबी

यायलाच हवं असं नाही. वरचा १५ खर्चाचा आकडा पुन्हा बघा. ६० ला नफा १८००. पोकळीच्या तळाखाली खर्च गेलाय, म्हणून कमी करणं फायद्याचं आहे, पण किती? सगळ्यात बरी किंमत ५७.५ निघते आणि नफा १८०६.२५. सव्वासहासाठी याद्या नव्यानं छापायच्या, प्रत्येक गिऱ्हाइकाशी बोलायचं, आणि समोरच्यानं माझ्याबरोबर न थांबता आणखी खाली उडी मारली तर काय, हा धोका पत्करायचा? कोण करेल? खालच्या बाजूला सगळे येणार हे पक्कं असतं, म्हणूनच तिथे जायची ओढ कमी असते. वाढीच्या वेळी मात्र खर्च अंगावर येत असतो, थांबणं महाग पडतं.

गवाक्ष

हे पटण्यासारखं आहे, पण हेच लक्षण छपाई-खर्चाच्या सिद्धांतातही बसतं आणि रानवारांच्या संगनमतातही बसतं. एकट्या बाकाला श्रेय देऊ नका. १९९० च्या दशकात ॲलन ब्लाइंडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या सुमारे २०० कंपन्यांना थेट विचारलं की तुम्ही किंमत का बदलत नाही. बारा सिद्धांत त्यांच्या भाषेत समोर ठेवले होते. सगळ्यात जास्त पसंती मिळाली ती ‘आधी दुसऱ्यानं बदलावी, मग आम्ही’ या कारणाला. ते बाकाच्या जवळचं आहे, तंतोतंत बाक नाही.

पाऊलखुणा

चंद्रकोर, पण खरंच कोणीच कमी केले नाहीत? की यादीत नाही केले?

चंद्रकोर

चांगला प्रश्न. यादीत कोणीच नाही. पण मोठ्या गिऱ्हाइकांना उधारीची मुदत वाढवून देणं, वाहतूक आपल्या अंगावर घेणं, ठरावीक संख्येच्या वर काही नग फुकट देणं हे सगळ्यांकडे सुरू झालं. आमच्याकडेही. एका गिऱ्हाइकाला दिलेलं दुसऱ्याला कळू नये म्हणून बिलावर दर तोच ठेवायचा.

हिशेबी

ही बाब स्वीझींच्या लेखातही आहे, चोरून दिलेली सवलत. बाकाची खालची बाजू उभी आहे ती समोरच्याला माझी घट *दिसते* म्हणून. दिसली नाही तर तो मागे येणार नाही, आणि माझ्यापुरती खालची मागणी पुन्हा लवचीक होते. सूत्रात खालची लवचिकता १.५ ऐवजी ३ घाला, पोकळी मिटलेली दिसेल. म्हणजे त्या छुप्या व्यवहारात खर्च कमी झाल्यावर किंमत कमी करणं पूर्ण फायद्याचं.

गवाक्ष

आणि म्हणून ताठरता मोजायची तर यादी बघून चालत नाही. स्टिगलर यांनीच पुढे किंडाल यांच्याबरोबर १९७० मध्ये खरेदीदारांकडून प्रत्यक्ष मोजलेल्या किमती गोळा केल्या आणि त्या विक्रेत्यांनी सांगितलेल्या सरकारी आकड्यांशी ताडून पाहिल्या. प्रत्यक्ष किमती यादीपेक्षा जास्त हलत होत्या. किती जास्त, यावर वाद झाले. पण चंद्रकोर यांचं बिल आणि त्यांच्या मालाची खरी किंमत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे त्या कामातून पक्कं होतं.

रानवारा

मग उधारी आणि वाहतूक धरून हिशेब केला तर चंद्रकोर यांच्या बाजारात किंमत ताठर होती की नव्हती?

चंद्रकोर

मोठ्यांसाठी नव्हती. छोट्या गिऱ्हाइकांना आजही यादीचाच दर लागतो, त्यांच्यासाठी होती आणि आहे.